बोट ठेवता येतं का?

आठवीच्या वर्गाला यंदा अवांतर वाचनासाठी लॉइस लौरी यांची 'द गिव्हर' ही कादंबरी लावली. जोनस हा तिचा नायक, कडक नियमांच्या एका वसाहतीत वाढणारा मुलगा. 1993 साली आलेली, 23 छोट्या प्रकरणांची, भाषेला सोपी, आणि डिस्टोपियन म्हणजे काय हे मुलांना न सांगता कळावं अशी. ज्यांनी वाचलेली नाही त्यांना आधीच सांगते, पुढे शेवटापर्यंतचं सगळं उघड होणार आहे.

आमची शाळा मुलुंडमधली, इंग्रजी माध्यमाची. वर्गात निम्म्याहून जास्त मुलं घरी मराठी बोलणारी, त्यामुळे चर्चा तीन भाषांत होते आणि जोर चढला की मराठीवर येते. तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली पाच हजेरी आणि 'टीचर, पुस्तक घरी राहिलं' यात जातात. काही प्रती माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडून आणल्या, काही मुलांनी स्वतः घेतल्या, उरलेल्यांनी दोघांत एक वापरली.

पुस्तकाबरोबर मला एक तयार प्रश्नसंचही मिळाला होता. त्यावर वरपासून खालपर्यंत पायऱ्यांची नावं छापलेली: ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन. बी.एड. केलेल्या कुणालाही ही उतरंड पाठ असते. बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी ती 1956 मध्ये मांडली, 2001 मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी तिची फेरमांडणी केली. मूळ उतरंडीत मूल्यमापन सगळ्यात वर होतं, नव्यात त्याच्या डोक्यावर नवनिर्मिती आली. मला मूल्यमापनाशीच थांबायचं होतं, तेवढंच नीट झालं तरी खूप होतं.

प्रश्नसंचात ज्ञानाखाली विचारलं होतं की कितव्या वर्षी मुलांना पुढून बटणं असलेलं जॅकेट मिळतं, आणि सायकल कितव्या वर्षी. उत्तर सातव्या आणि नवव्या. मूल्यमापनाखाली होतं, 'जोनसचा समाज चांगला आहे की वाईट? तुमचं मत लिहा.' हे दोन प्रश्न एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. बटणांचं उत्तर येणाऱ्या मुलाला समाजाबद्दल मत देताना त्या बटणांचा काडीचा उपयोग नाही, आणि मत देणाऱ्याला पुस्तक वाचलेलं असण्याचीही गरज नाही. मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचून कुणीही लिहील की समाजात शांतता आहे पण स्वातंत्र्य नाही, म्हणून एका दृष्टीने चांगला आणि एका दृष्टीने वाईट. असं उत्तर मी इतक्या पेपरांत वाचलंय की आता लाल पेन आपोआप खाली राहतं.

म्हणून ठरवलं की प्रश्न वरून खाली काढायचे. आधी शेवटचा, मूल्यमापनाचा एकच प्रश्न पक्का करायचा. मग त्याचं उत्तर देणाऱ्याच्या हाताशी कुठल्या गोष्टी असायला हव्यात ते पाहायचं, आणि तेवढ्याच ज्ञानाच्या पायरीवर विचारायच्या. मुलं मात्र खालून वर चढणार.

शेवटचा प्रश्न शोधायला वेळ लागला नाही. हे पुस्तक वाचणाऱ्या प्रत्येकाला एकोणिसाव्या प्रकरणात धक्का बसतो. जोनसचे बाबा नवजात बाळांचं संगोपन करणारे, अतिशय प्रेमळ गृहस्थ. या वसाहतीत काही माणसांना 'रिलीज' केलं जातं, म्हणजे दुसरीकडे पाठवलं जातं, अशी सगळ्यांची समजूत. बाबांना दोन जुळ्या मुलांपैकी कमी वजनाच्या बाळाला रिलीज करायचं असतं आणि जोनस त्याचं चित्रण पाहतो. बाबा बाळाशी लाडीगोडीने बोलत त्याच्या कपाळाच्या वरच्या शिरेत इंजेक्शन देतात, बाळ निपचित पडतं, ते त्याला खोक्यात ठेवतात, खोकं कचऱ्याच्या झडपेतून ढकलतात आणि त्याला टाटा म्हणतात. प्रश्न समोरच होता: बाबा दोषी आहेत का?

मग उलटं चालायला लागले. दोषी ठरवायचं तर वाचकाला चार गोष्टी आठवायला हव्यात. पहिली, एकोणिसाव्या प्रकरणाच्या आधी कुणाकुणाला रिलीज केल्याचं येतं आणि प्रत्येक वेळी कारण काय दिलं जातं. दुसरी, बाबांनी गेब्रिएल या बाळासाठी कोणता नियम मोडला. तिसरी, गेब्रिएलला रात्री घरी ठेवून घेण्याआधी कुटुंबाकडून कशावर सह्या घेतल्या. आणि चौथी, नवव्या प्रकरणात जोनसला नेमून दिलेल्या कामाबरोबर मिळालेल्या सूचनांच्या कागदावरची शेवटची सूचना काय होती. ज्ञानाच्या पायरीवर एवढेच चार प्रश्न ठेवले. जॅकेटला रजा दिली.

पायरी कुठली, हे ठरवायला मी मुलांना एक सोपी कसोटी दिली: उत्तरावर बोट ठेवता येतं का? एका ओळीवर ठेवता आलं तर ते ज्ञान. दोन-तीन ओळी जोडून स्वतःच्या शब्दांत सांगावं लागलं तर आकलन. लांबलांबच्या प्रकरणांतल्या गोष्टी शेजारी ठेवाव्या लागल्या आणि त्यांतला संबंध पुस्तकाने सांगितलेला नसला तर विश्लेषण. पुस्तकात बोट ठेवून झाल्यावरही उत्तर येत नसेल, बाहेरून एखादा निकष आणावा लागत असेल, तर मूल्यमापन. प्रश्नाची सुरुवात 'का' ने झाली की तो वरच्या पायरीचा, असं आपण धरून चालतो, ते खरं नाही. 'जोनस गेब्रिएलला घेऊन ठरल्यापेक्षा आधी का पळाला?' हा प्रश्न दिसायला भारदस्त आहे, पण उत्तर सरळ छापलेलं आहे: दुसऱ्या दिवशी सकाळी गेब्रिएलला रिलीज करायचं ठरलं होतं. बोट ठेवा आणि पुढे चला.

रिलीजचा तक्ता मुलांनी आठव्या प्रकरणापर्यंतच भरायचा होता, म्हणजे रहस्य फुटायच्या बऱ्याच आधी. फळ्यावर तीन रकाने केले: कोण, कारण, आणि लोकांना काय वाटतं. पहिल्याच प्रकरणात शिकाऊ वैमानिक सापडला. चुकीचं वळण घेऊन विमान वसाहतीवरून नेलं म्हणून त्याला रिलीज करणार, असं लाउडस्पीकरवरून जाहीर होतं आणि त्या आवाजात किंचित गंमत असते. त्याच प्रकरणात आईच्या न्याय विभागातला गुन्हेगार भेटतो, दुसऱ्यांदा पकडलेला. तिसऱ्या वेळी रिलीज. चौथ्यात वृद्धाश्रमातले रॉबर्टो, ज्यांच्या रिलीजचा सोहळा होतो, आयुष्याची कहाणी वाचली जाते, आणि ते आनंदाने एका दारातून आत जातात. लॅरिसा नावाच्या आजी जोनसला हे सांगतात, पण दारापलीकडे काय होतं ते त्यांनाही माहीत नसतं. वजन न भरणाऱ्या बाळांना रिलीज करतात तेव्हा लोकांना हळहळ वाटते. सहाव्यात जोनस आईकडून ऐकलेली एक गोष्ट सांगतो: इथे जमत नसेल तर अर्ज करता येतो, एकाने केला आणि दुसऱ्या दिवशी तो नव्हता.

तिसरा रकाना भरताना वर्ग थोडा गोंधळला. शिक्षा, सन्मान, हळहळ आणि अर्ज मंजूर होणं, सगळ्यांना एकच नाव कसं, हे मी विचारायच्या आतच मधल्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, ''टीचर, हे म्हणजे निवृत्तीच्या समारंभालाही निलंबन म्हणायचं तसं झालं.'' त्याचे वडील सरकारी नोकरीत असणार. विश्लेषणाचा प्रश्न मी तिथेच फळ्यावर लिहिला: हे सगळं एकाच नावाखाली ठेवून वसाहतीला काय साधतं? पुस्तकात याचं उत्तर कुठेच नाही. एका मुलीने बरोबर पकडलं की सोहळा पाहिलेल्या माणसाला बाळाबद्दल फार भीती वाटत नाही, कारण दार तेच असतं. तिला एकोणिसावं प्रकरण माहीत नव्हतं. मी गप्प राहिले.

उपयोजनाच्या पायरीवर तयार संचात असायचा तो प्रश्न होताच, 'तुम्ही जोनसच्या जागी असता तर काय केलं असतं?' याला उपयोजन म्हणायची पद्धत पडली आहे, पण त्यात कशाचंच उपयोजन नाही. मुलं स्वतःला वाटतं ते लिहितात. उपयोजन म्हणजे पुस्तकातला नियम पुस्तकात नसलेल्या प्रसंगाला लावून पाहणं. म्हणून असा प्रश्न केला: दुसऱ्या प्रकरणात बाबांनी नामकरणाची यादी आधीच चोरून पाहिली आणि बाळाला गेब्रिएल म्हणायला लागले. हे आईने आपल्या न्याय विभागात कळवलं असतं तर वसाहतीच्या नियमांप्रमाणे काय झालं असतं?

इथे खरी मजा आली. एका गटाने वैमानिकावर बोट ठेवलं: एका चुकीत रिलीज, म्हणजे बाबाही गेले. दुसऱ्या गटाने आईचंच वाक्य काढलं की तिसऱ्या खेपेला, म्हणजे बाबांना अजून संधी आहे. तिसऱ्या गटाला सायकलची गोष्ट सापडली. नवव्या वर्षाआधी सायकल चालवायची नाही असा नियम असूनही मोठी भावंडं धाकट्यांना लपूनछपून शिकवतातच, सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी काही करत नाही. म्हणजे काही नियम मोडलेले चालतात. सायकल अशी मागच्या दाराने परत आली, पण आता तिला काम होतं. या चर्चेतून निघालेली एक गोष्ट पुढे फार उपयोगी पडली: बाबा नियम मोडू शकतात. त्यांना हवं तेव्हा ते वाकवतात.

याच सुमारास एक अवांतर प्रकार घडला. घराघरातला लाउडस्पीकर बंद करता येत नाही आणि जोनस ज्याच्याकडे शिकायला जातो त्या, वसाहतीच्या स्मृती जपणाऱ्या वृद्धाच्या खोलीतल्या स्पीकरला मात्र बटण आहे, हे वाचून जोनस थक्क होतो. आम्ही हे वाचत असतानाच वर्गातला स्पीकर खरखरला आणि 'सर्व वर्गशिक्षकांनी कृपया' सुरू झालं. मागून आवाज आला, ''टीचर, बटण कुठंय?'' पुढची पाच मिनिटं वाया गेली. किंवा गेली नाहीत, मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही.

एकोणिसावं प्रकरण मी घरी वाचायला दिलं नाही. अमेरिकेत या पुस्तकावर शाळांमधून वारंवार आक्षेप घेतले गेले आहेत, आणि अशा प्रकरणांपाशी वर्गात मोठं माणूस असायला हवं हे मलाही पटतं. तेरा वर्षांच्या मुलांपैकी कुणाच्या घरात नुकतं काय घडलंय हे आपल्याला नेहमी माहीत नसतं. मी ते वर्गात वाचून दाखवलं आणि त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही. घंटा होईपर्यंत ज्यांना बोलायचं होतं ते बोलले.

नंतरच्या तासाला फळ्यावर लिहिलं, 'जोनसचे बाबा दोषी आहेत का?' आणि हात वर करायला सांगितलं. जवळजवळ सगळे दोषीच्या बाजूने. कारण विचारलं तर, ''टीचर, बाळाला मारलं ना!'' हे मत खरं असेलही, पण ते मूल्यमापन नव्हतं, राग होता. रागाला निकष नसतो. म्हणून पुस्तकं मिटायला लावली आणि वेगळं विचारलं: कुणालाही, कुठल्याही बाबतीत दोषी म्हणायचं तर आधी काय काय तपासाल? घरातलं उदाहरण चालेल, बातम्यांतलंही चालेल. बऱ्याच खटपटीनंतर तीन गोष्टींवर वर्गाचं एकमत झालं. आपण काय करतोय हे त्याला माहीत होतं का? त्याला दुसरा काही मार्ग होता का? त्याने ते लपवलं का? हे तीन निकष मुलांचेच, मी फक्त शब्द नीट करून दिले. आता पुस्तकं उघडा आणि एकेका निकषाखाली ओळी आणा.

माहीत होतं का, या प्रश्नावर बराच वेळ गेला. हो म्हणणाऱ्यांनी दाखवलं की बाबा वजन करतात, बाळाला दुखतंय हे बोलून दाखवतात, हातांच्या शिरा लहान आहेत म्हणून कपाळाची निवडतात. म्हणजे हात सरावलेला आहे. नाही म्हणणाऱ्यांनी विसावं प्रकरण आणलं, जिथे तो वृद्ध जोनसला सांगतो की या लोकांना काहीच माहीत नाही, त्यांच्यासाठी घडवून ठेवलेलं आयुष्यच ते जगतात. मग एरवी न बोलणारी एक मुलगी उभी राहिली. ''टीचर, दुखणं माहीत असणं वेगळं आणि मरण माहीत असणं वेगळं. त्यांना पहिलं माहीत आहे.'' वर्गातल्या हुशार गणल्या जाणाऱ्यांनी वह्यांत हे वाक्य टिपून घेतलं. मीही.

दुसऱ्या मार्गाच्या निकषावर यादी चोरून पाहिल्याची गोष्ट बाहेर आली. गेब्रिएलसाठी नियम मोडता येतो, समितीपुढे रदबदली करून त्याच्यासाठी वर्षभराची मुदत मिळवता येते, तर जुळ्यांतल्या एकासाठी का नाही? लगेच विरुद्ध बाजू सह्यांकडे वळली: कुटुंबातल्या प्रत्येकाने या बाळात जीव गुंतवणार नाही असं लिहून दिलं होतं. शिवाय शेवटी गेब्रिएलला रिलीज करायचं ठरतं तेव्हा बाबांचं मतही त्याच बाजूने पडतं. म्हणजे दुसरा मार्ग होता, पण बाबांच्या लेखी तो रिलीज टाळण्याचा नव्हता, फक्त पुढे ढकलण्याचा होता.

लपवण्याचा निकष मला सगळ्यात आवडला, कारण तिथे चौथा ज्ञानाचा प्रश्न कामी आला. बाळ जन्मायच्या आधी घरी बोलणं चाललेलं असताना जोनस विचारतो, दुसरीकडून कुणी त्याला न्यायला येतं का? बाबा हो म्हणतात. हे खोटं आहे का? नवव्या प्रकरणातल्या कागदावर शेवटची सूचना आहे की तुला खोटं बोलायची मुभा आहे. आणि जोनसच्याच मनात तिथे येऊन जातं की मोठ्या माणसांनाही बाराव्या वर्षी हीच सूचना मिळाली असली तर? विचारूनही उपयोग नाही, उत्तर खरं की खोटं कळणार कसं? मुलांनी बाबांचं 'हो' या ओळीशेजारी ठेवलं आणि दोन मिनिटं वर्ग नुसता पानं चाळत होता. ठाम पुरावा कुणालाच मिळाला नाही. पण एका मुलाने म्हटलं की खोटं बोलणारा माणूस आधी जरा थांबला असता, बाबा थांबत नाहीत. ते खरंच तसं समजत असतील. दुसरा म्हणाला, सराव असला की माणूस थांबत नाही.

पुन्हा हात वर करायला सांगितले तेव्हा वर्ग दुभंगला होता, आणि काही हात अर्धे वर होते. अर्धा हात चालणार नाही, असं मी सांगितलं. तीन निकषांपैकी कोणता जास्त वजनदार ते ठरवा, मग बाजू घ्या. 'एका दृष्टीने, दुसऱ्या दृष्टीने' लिहिणाऱ्यांची सुटका इथे बंद होते. निकषांची क्रमवारी लावली की बाजू घ्यावीच लागते.

पुस्तकाच्या शेवटाबद्दलही एक प्रश्न ठेवला होता, जोनस वाचतो की मरतो. लौरी यांनी तो उघडा सोडलाय. पण मुलांनी फोनवर शोधून काढलं की पुढची पुस्तकं आहेत आणि त्यांत जोनस जिवंत आहे. झालं, वरच्या पायरीचा प्रश्न एका रात्रीत ज्ञानावर घसरला. मी तो बदलून असा केला: फक्त शेवटच्या दोन पानांतल्या ओळींवरून कोणता शेवट जास्त पटतो? बाहेरची माहिती बाद. तो जेमतेम चालला.

लेखी उत्तर पाच गुणांचं होतं. गुण कशाला, हे आधीच वर्गात लिहून दिलं: निकष स्पष्ट लिहायला एक, पुस्तकातल्या दोन जागांना दोन, निष्कर्ष निकषावरूनच निघतो का याला एक, आणि आपल्या विरुद्ध जाणारी सर्वांत बळकट ओळ मांडून तिला उत्तर द्यायला एक. कोणती बाजू घेतली याला गुण नाही. शेवटचा गुण बहुतेकांचा गेला. स्वतःच्या विरोधातली ओळ शोधायची सवय आम्ही त्यांना कधी लावलेलीच नाही. परीक्षेत ती कुणी मागत नाही.

ओपन हाउसच्या दिवशी एक पालक दोन पेपर घेऊन आले, मुलीचा आणि तिच्या मैत्रिणीचा. ''टीचर, ही म्हणते दोषी नाही, ती म्हणते दोषी आहे, आणि दोघींना पाचपैकी चार. बरोबर उत्तर नक्की कुठलं?'' मी दोन्ही उत्तरं त्यांच्यासमोर ठेवली आणि वाचायला सांगितलं. मागे रांग वाढत होती, पण त्यांनी शांतपणे दोन्ही वाचली, मुलीचं पुन्हा एकदा. मग म्हणाले, ''ठीक. मग हिचा एक गुण का कापला?''

''यादी चोरून पाहिल्याचं हिने लिहिलंच नाही,'' मी म्हटलं. ''बाबा नियम मोडू शकतात, ही तिच्या बाजूला सगळ्यात जड जाणारी गोष्ट होती.''

त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, ''मला माहीत होतं, म्हणूनच नाही लिहिलं.''